पाच पाने, साक्षीदार एकच

दिवाळीच्या आधी ‘अनारसे कसे करावेत’ असे इंटरनेटवर शोधले, तर पानांची रीघ लागते. त्यांतली बरीचशी एका साच्यातून काढल्यासारखी असतात. अनारसे हा महाराष्ट्राचा पारंपरिक पदार्थ आहे आणि तो दिवाळीत आवर्जून केला जातो, हे सांगण्यात पहिले दोन परिच्छेद जातात. मग साहित्याची यादी येते, मग सहा-सात ओळींची कृती, मग ‘अनारसे खाण्याचे फायदे’ आणि शेवटी कोणीही न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे. वाचणारा चार-पाच पाने चाळतो. सगळीकडे साधारण तेच लिहिलेले दिसते, आणि इतके जण एकच सांगतात म्हणजे ते खरेच असणार, असे तो मनाशी ठरवतो. या प्रकरणाचे भांडण या शेवटच्या पायरीशी आहे. पाच पाने म्हणजे पाच साक्षीदार असे गृहीत धरल्यामुळेच माणूस फसतो. ती पाने एकाच पानावरून उतरवलेली असतील तर साक्षीदार एकच, आणि तोही कधी स्वयंपाकघरात गेला होता की नाही, हा प्रश्न उरतोच.

अशी पाने का तयार होतात, हे कळले की ती ओळखणे सोपे जाते. अशा संकेतस्थळांना कंटेंट फार्म म्हणतात. या धंद्याचे ठळक उदाहरण म्हणजे २००६ मध्ये स्थापन झालेली डिमांड मीडिया ही अमेरिकी कंपनी. ‘ईहाऊ’ हे कृती आणि युक्त्या सांगणारे संकेतस्थळ तिच्या मालकीचे होते. कशावर लिहायचे हे तिथे लेखकही ठरवत नसे आणि संपादकही नसे. लोक काय शोधतात, त्या शब्दांवर जाहिरातदार किती पैसे मोजतात आणि त्या विषयावर आधीच किती पाने आहेत, याचा हिशेब संगणक मांडे आणि त्यातून मथळे निघत. त्या मथळ्याखाली मजकूर भरणाऱ्याला एका लेखाचे साधारण पंधरा डॉलर मिळत. अमेरिकेतल्या राहणीमानात पंधरा डॉलरला परवडण्यासाठी लेख तासाभरात हातावेगळा करावा लागतो. तासाभरात अनारसे होत नाहीत. अनारशांविषयी इतरांनी लिहिलेले वाचून शब्द बदलता मात्र येतात. लेखक आळशी होता किंवा अप्रामाणिक होता, असे म्हणायचे कारण नाही. मोबदल्याचे गणितच असे होते की पदार्थ करून पाहणारा तोट्यात जाई आणि न करता लिहिणारा तरून जाई.

जानेवारी २०११ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे बाजारमूल्य न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीपेक्षा जास्त भरले होते. पुढच्याच महिन्यात गूगलने शोधाच्या क्रमवारीत मोठा बदल केला. पुढे तो ‘पांडा’ या नावाने ओळखला गेला. पातळ, उतरवलेल्या मजकुराला खाली ढकलणे हा त्याचा उद्देश होता आणि अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे गूगलने स्वतःच जाहीर केले. डिमांड मीडियाला त्याचा फटका बसला. पण मेली ती एका कंपनीची चलती. गणित तसेच राहिले. मजकूर स्वस्तात तयार होत असेल आणि पान उघडण्यावर जाहिरातीचे पैसे मिळत असतील, तर कोणीतरी ते करणारच. मराठीत तर हे आणखी सोपे आहे, कारण हिंदी किंवा इंग्रजी पानाचे भाषांतर केले की पान ‘नवे’ दिसते आणि शब्द जुळवून नक्कल पकडणाऱ्याच्या हाती लागत नाही.

आता अनारशांची कृती जरा सविस्तर पाहू, कारण पातळ पान नेमके कुठे उघडे पडते हे त्यातच दिसते. जुने तांदूळ धुऊन तीन दिवस पाण्यात ठेवतात आणि पाणी रोज बदलतात. चौथ्या दिवशी ते निथळून सावलीत कापडावर पसरतात, पण खडखडीत वाळू देत नाहीत. हाताला ओल लागेल इतपत असतानाच दळून किंवा कुटून बारीक चाळणीने चाळतात. या ओलसर पिठात किसलेला गूळ किंवा पिठीसाखर आणि थोडे तूप मिसळून घट्ट गोळे करतात आणि डब्यात भरून निदान तीन-चार दिवस मुरू देतात. करायच्या दिवशी गोळा मळतात. कोरडा वाटला तर चमचाभर दूध किंवा केळ्याचा लहान तुकडा घालतात. खसखशीवर पुरीसारखा थापून मंद आचेवर तुपात सोडतात, तेव्हा खसखशीची बाजू वर असते. अनारसा उलटायचा नसतो. झाऱ्याने वर तूप उडवत राहायचे. सगळे नीट जमले तर त्याला जाळी पडते. बिघडले तर तो तुपात पसरतो आणि त्याचा भुगा होतो. यालाच घरोघरी अनारसा हसला असे म्हणतात.

या कृतीत तीन जागा अशा आहेत, जिथे करून पाहिलेला आणि न पाहिलेला यांच्यातला फरक लपत नाही. पहिली जागा वेळेची. शोधयंत्रांना पाककृतीची माहिती ठरावीक रकान्यांत भरून हवी असते: तयारीचा वेळ, शिजवण्याचा वेळ, किती जणांना पुरेल, किती कॅलरी, किती तारे. रकाना रिकामा ठेवला तर क्रमवारीत मागे पडू अशी धास्ती असते, म्हणून त्यात काहीतरी टाकले जाते. त्यातून कृतीत ‘तांदूळ तीन दिवस भिजवा’ आणि डोक्यावर ‘एकूण वेळ ४० मिनिटे’ अशी विसंगती जन्माला येते. ज्याने मजकूर लिहिला त्याने तो स्वतः सलग वाचलेलाही नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा मिळणे अवघड. संगणकावर पान उघडून Ctrl+U दाबले की पानामागचा कोड दिसतो आणि त्यात हे रकाने सापडतात:

```
"datePublished": "...",
"dateModified": "...",
"totalTime": "PT40M"
```

इथे तारखाही पाहाव्यात. एकाच संकेतस्थळाची चार-सहा पाने उघडून बघितली आणि अनारसे, गाडीची बॅटरी, केस गळणे आणि गृहकर्ज या सगळ्यांवर एकाच नावाने एकाच आठवड्यात लेख आलेले दिसले, तर पुढे तपासण्यासारखे फार काही उरत नाही.

दुसरी जागा मापाची. ‘एक वाटी तांदूळ, एक वाटी गूळ’ असे लिहिलेले असते. पण गूळ कशाच्या प्रमाणात घ्यायचा, भिजवायला घेतलेल्या तांदळाच्या की दळून चाळलेल्या पिठाच्या? ओलसर पीठ वाटीत पोकळ भरते, त्यामुळे एका वाटी तांदळाचे पीठ एका वाटीपेक्षा जास्त होते, आणि गूळ चिरलेला, किसलेला की दाबून भरलेला यावरही वाटीचे वजन बदलते. ज्याने एकदा तरी अनारसे केलेत त्याच्यापुढे हा प्रश्न येतोच, कारण गूळ जास्त झाला तर अनारसा हसतो. म्हणून खरी कृती सांगणारा ‘पीठ मोजून मग गूळ’ असे स्पष्ट लिहितो किंवा सरळ वजनात प्रमाण देतो. उतरवणाऱ्याला प्रश्नच पडलेला नसतो. त्यामुळे मूळ पानावरचे ‘पीठ’ त्याच्याकडे येईपर्यंत ‘तांदूळ’ होते आणि हा बदल झाल्याचा पत्ताही त्याला लागत नाही.

तिसरी जागा मला सर्वांत बोलकी वाटते. गूळ आणि ओलसर पीठ एकत्र केले की पहिल्या दिवशी मिश्रण कोरडे, भुसभुशीत दिसते. गूळ पिठातली ओल ओढून घेतो आणि हळूहळू विरघळतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी तोच गोळा मऊ होतो. ज्याने डबा मधल्या दिवसांत उघडून पाहिला आहे, तो लिहितो की पहिल्या दिवशी गोळा घट्टच असू द्या, दूध घालण्याची घाई करू नका. ज्याने पाहिलेला नाही, त्याला कोरडे पीठ म्हणजे पाणी कमी एवढेच सुचते आणि तो त्याच दिवशी ‘लागेल तसे दूध घाला’ असे लिहून मोकळा होतो. ते ऐकून दूध घातले, तर चार दिवसांनी डब्यात गोळ्याऐवजी सैल लगदा सापडेल. सूचना छोटी असते आणि वाचायला समंजस वाटते. तिचा परिणाम मात्र चार दिवसांनी दिसतो, आणि तोवर ती लिहिणारा दुसऱ्या विषयावर लेख लिहीत असतो.

यातून एक कसोटी निघते: पान चुकण्याविषयी काय सांगते ते पाहा. यशाचे वर्णन कुठूनही उतरवता येते. ‘खुसखुशीत, जाळीदार, सोनेरी’ ही विशेषणे फुकट मिळतात. अपयशाची माहिती मिळवायला साहित्य वाया घालवावे लागते. हसलेला अनारसा पाहिलेला माणूस पुढचा उपायही सांगतो: थोडे कोरडे तांदळाचे पीठ आधीच बाजूला ठेवा, पहिला एक अनारसा तळून पाहा, पसरला तर त्या पिठातले थोडे गोळ्यात मिसळा, आणि तूप फार थंड असतानाही तो पसरतो हे विसरू नका. कारण, लक्षण आणि दुरुस्ती ही तिन्ही एकत्र आलेली दिसली, की लिहिणारा चुलीपाशी उभा होता असे मानायला हरकत नाही.

हीच कसोटी शोधताना उलटी वापरता येते, आणि या प्रकरणातली सर्वांत उपयोगी युक्ती हीच आहे. पदार्थाचे नाव शोधू नका, त्याचा बिघाड शोधा. मजकुराचे कारखाने पदार्थाच्या नावावर उभे असतात, कारण नावच जास्त लोक शोधतात. ‘अनारसे रेसिपी’ऐवजी

```
"अनारसे" हसले
अनारसे तुपात विरघळतात
```

असे शोधले की गर्दी एकदम विरळ होते आणि बायकांनी एकमेकींना विचारलेले प्रश्न, त्यांना मिळालेली उत्तरे आणि त्या उत्तरांना कोणीतरी घेतलेले आक्षेप समोर येतात. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोलीसारख्या मराठी संकेतस्थळांचे मोल इथे कळते. तिथली मूळ कृती कधीकधी अगदी तोकडी असते. खरी माहिती खाली झालेल्या चर्चेत असते.

आता नक्कल पकडण्याकडे वळू. सर्वांत सोपा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो: पानातले एखादे जरा वेगळे, आठ-दहा शब्दांचे वाक्य उचलायचे, अवतरणचिन्हांत टाकून शोधायचे. शब्दशः चोरी असेल तर लगेच सापडते. पण शब्द फिरवलेले असतील किंवा भाषांतर असेल, तर हे जाळे रिकामे येते. तेव्हा शब्दांऐवजी चुका जुळवून पाहायच्या. ही रीत जुन्या पोथ्यांच्या अभ्यासातली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले आणि त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. तिथे कोणता पाठ किती पोथ्यांत आहे, एवढे मोजून निर्णय होत नसे. एकाच घराण्यातल्या शंभर पोथ्या अखेर एकाच मूळ पोथीची साक्ष देतात. उलट, काश्मीरची एक आणि दक्षिणेतली एक अशा दूरच्या दोन परंपरांत तोच पाठ आढळला तर त्याचे वजन जास्त. आणि दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक आढळली, तर त्यांचे मूळ एक. बरोबर गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते, पण तीच चूक त्याच जागी दोघांकडून होणे विरळा.

पाककृतींना हे तंतोतंत लागू पडते. पाच पानांत ‘एकूण वेळ ४० मिनिटे’ सापडले, तर ती पाच पाने एका घराण्यातली. तांदळाचे आणि पिठाचे घोटाळलेले माप तिघांकडे सारखेच असेल, तर तिघांची मिळून साक्ष एक. मग स्वतंत्र परंपरा कुठे शोधायची? बिहारमध्ये अनरसा करतात. गयेचा विशेष प्रसिद्ध आहे. त्याला खसखशीऐवजी तीळ लावतात आणि बऱ्याचदा तो चपटा नसून गोळीच्या आकाराचा असतो. मराठी अनारशावरून तो उतरवलेला नाही हे उघड आहे. तरीही तांदूळ दीर्घकाळ भिजवणे, पाणी बदलणे आणि पीठ ओलसर असतानाच दळणे या गोष्टी दोन्हीकडे आहेत. म्हणजे हा कृतीचा गाभा झाला आणि तीळ की खसखस हा आवडीचा भाग. एखादे पान ‘तयार तांदळाचे कोरडे पीठ वापरून झटपट अनारसे’ सांगत असेल, तर ते या गाभ्याला सोडून जाते. तसे करून काही गोड वडी होईलही, पण जाळी पडेल अशी आशा धरू नये.

चूक कशी पसरते, याचे एक नोंदलेले उदाहरण अनारशापेक्षा साध्या पदार्थाचे आहे. टॉम स्कोका या अमेरिकी लेखकाने २०१२ मध्ये ‘स्लेट’ या नियतकालिकात एक तक्रार लिहिली. कांदा मंद आचेवर गडद तपकिरी आणि गोड होईपर्यंत परतायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, पण पाककृती लिहिणारे पिढ्यान्‌पिढ्या ‘पाच मिनिटे’, ‘दहा मिनिटे’ लिहीत आले आहेत, असे त्याने स्वतः कांदे परतून दाखवून दिले. आपल्याकडेही वाटणाचा कांदा ‘पाच मिनिटांत खरपूस’ करणारी पाने कमी नाहीत. पण खरी गंमत पुढे झाली. २०१७ मध्ये त्याच्या लक्षात आले की हाच प्रश्न गूगलला विचारला तर उत्तराच्या चौकटीत ‘पाच मिनिटे’ असे येते, आणि त्या उत्तराखाली नाव त्याच्याच लेखाचे असते. खोडून काढण्यासाठी त्याने जे चुकीचे वाक्य उद्धृत केले होते, तेच यंत्राने उत्तर म्हणून उचलले होते. म्हणजे शोधाच्या निकालात सर्वांत वर असलेली चौकट ही पडताळणीची खूण नव्हे. तीही एक नक्कलच असते, फक्त जास्त वेगवान.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पाककृती नेहमी उतरवूनच पुढे गेल्या आहेत. आजीची वही तरी कुठे स्वतंत्र होती? आक्षेप रास्त आहे. कायद्यानेही साहित्याच्या नुसत्या यादीवर कोणाची मालकी मानलेली नाही; अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने १९९६ मध्ये दह्याच्या पाककृतींच्या खटल्यात हेच सांगितले होते. म्हणून इथे चोरीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला आहे. वहीत उतरवलेली कृती आणि कारखान्यात उतरवलेली कृती यांत फरक मधल्या टप्प्याचा आहे. वहीतली कृती उतरल्यावर केली जाई, आणि जमली नाही तर समासात ‘गूळ कमी घेणे’ असे येई. प्रत्येक नक्कल स्वयंपाकघरातून गाळून पुढे जाई. पानावरून पानावर जाणाऱ्या मजकुराला ही गाळणी लागतच नाही, त्यामुळे प्रत्येक उताऱ्यात चूक साचत जाते.

दुसरा आक्षेप नेमका उलट टोकाचा: जाहिरातींनी भरलेले आणि कृतीआधी लांबलचक गोष्टी सांगणारे पान म्हणजे फार्म, एवढे सोपे नाही का? नाही. घरी बसून खरोखर पदार्थ करून लिहिणाऱ्या कितीतरी जणी जाहिरातींवरच खर्च भागवतात, आणि शोधात वर येण्यासाठी त्यांनाही मजकूर लांबवावा लागतो. उलट, अतिशय देखणी, जाहिरात नसलेली पानेही पोकळ असू शकतात. दिसण्यावरून निर्णय घेतला तर आपण मेहनती माणसालाच शिक्षा देऊन बसू. मग व्हिडिओचे काय, त्यात तर सगळे डोळ्यांसमोर घडते? पिठाचा पोत, तुपाचा बुडबुडा, थापण्याची पद्धत हे व्हिडिओत जितके कळते तितके शब्दांत कधीच कळत नाही, हे मान्य. पण अनारशाच्या व्हिडिओत भिजवणे आणि तळणे यांच्यामध्ये एक काप असतो, आणि त्या कापात आठवडा मावतो. ऑस्ट्रेलियातील अन्नशास्त्रज्ञ अ‍ॅन रिअर्डन यांनी आपल्या यूट्यूब वाहिनीवर व्हायरल झालेल्या अनेक ‘युक्त्या’ तशाच करून पाहिल्या आणि त्यांतल्या बऱ्याच दाखवल्याप्रमाणे होतच नाहीत, हे समोर आणले. पदार्थ एकाच हाताने एकाच भांड्यात सुरू होऊन संपतो का, मधल्या टप्प्यात गोळा दाखवला आहे का, एवढे तरी पाहावे.

चांगले स्रोत कुठले, याचे उत्तर पदार्थापेक्षा प्रश्नावर अवलंबून आहे. घरगुती मराठी स्वयंपाकासाठी १९७० मध्ये निघालेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आजही भक्कम आहे, आणि त्याचे कारण निव्वळ जिव्हाळा नाही. त्यात अंदाजाऐवजी वाटी-चमच्याची ठरावीक मापे आहेत आणि पुस्तक दशकानुदशके लाखो घरांत वापरले गेले आहे. म्हणजे चुकले तर सांगणारे वाचक त्याला मिळाले. त्याहून जुन्या छापील पुस्तकांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागते. त्यांच्या कृतीही तोकड्या असतात, पण त्या पोकळ नसतात: वाचणारीला ‘मुरू द्या’ म्हणजे किती ते ठाऊक आहे, असे लेखक धरून चालतो. नवशिक्याला ते निरुपयोगी वाटेल. अशा पुस्तकाशेजारी चर्चेतली एखादी सविस्तर कृती ठेवून दोन्ही ताडून पाहिल्या की काम होते.

कृतीऐवजी चाचणी किंवा प्रक्रिया हवी असेल, तर सरळ मूळ संस्थेकडे जावे. दुधातली भेसळ घरी ओळखण्याच्या युक्त्या सांगणारी असंख्य पाने आहेत. त्यांतल्या बऱ्याच युक्त्या भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या ‘डार्ट’ या पुस्तिकेत मूळ रूपात मिळतात. स्टार्चची चाचणीच पाहा. पनीर किंवा खव्याचा नमुना पाण्यात उकळायचा, थंड करायचा आणि मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळा रंग आला तर स्टार्च आहे. उतरवताना ‘थंड करायचा’ हे शब्द गळले की चाचणी उलटते, कारण स्टार्च आणि आयोडीन यांचा निळा रंग गरम पाण्यात टिकत नाही आणि भेसळीचा खवा शुद्ध ठरतो. असे दस्तऐवज शोधायला

```
site:fssai.gov.in DART
```

असा शोध पुरतो. फळे-भाज्या टिकवण्याच्या प्रक्रियांसाठी म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि आपली कृषी विद्यापीठे, आणि पदार्थांच्या पोषणमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टके पाहावीत. ‘अनारशांचे फायदे’ लिहिणाऱ्या पानाने यांपैकी काहीच उघडलेले नसते, हे दोन मिनिटांत कळते.

मात्र ‘लिहिणाऱ्याने करून पाहिले आहे का’ ही माझी कसोटी एका ठिकाणी तोकडी पडते, आणि ते ठिकाण धोक्याचे आहे. सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवा, महिनोन्‌महिने टिकतो, अशी युक्ती फिरत असते. ती देणारा ती खरोखर वापरत असेल. त्याची बरणी वर्षानुवर्षे ठीक राहिलेली असेल. खाली प्रतिक्रियांत ‘आम्हीही असेच करतो’ असे लिहिणारे प्रामाणिक असतील. तरीही ही सगळी साक्ष इथे फोल आहे. लसणाला आंबटपणा जवळजवळ नसतो, तेलाखाली हवा पोचत नाही, आणि मातीतून आलेले क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू अशाच जागी, ओट्यावरच्या तापमानाला वाढून विष तयार करू शकतात. त्या विषाला वास नाही, चव नाही; बरणीकडे पाहून काही कळत नाही. हसलेला अनारसा कढईतच दिसतो, म्हणून त्याची माहिती अनुभवातून जमा होते. हे अपयश क्वचित घडते आणि घडेपर्यंत दिसत नाही, म्हणून हजार यशस्वी बरण्यांचा अनुभव त्याविषयी काहीच शिकवत नाही. अशा ठिकाणी पानाने आंबटपणा, मिठाचे प्रमाण आणि तापमान यांविषयी काय म्हटले आहे ते पाहावे. आपल्या लिंबाच्या लोणच्याला लिंबाचा रस आणि भरपूर मीठ सांभाळून घेतात; नुसत्या तेलातल्या लसणाला सांभाळणारे काहीच नसते. तो लहान प्रमाणात करावा, लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि थोड्याच दिवसांत संपवावा, एवढे जे पान सांगत नाही ते कितीही मनापासून लिहिलेले असले तरी बंद करावे.